चूक तीच, निकाल वेगळा: नैतिक नशिबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आमचा चर्चेचा एक छोटा ग्रुप आहे, गंगापूर रोडला जमतो. "नैतिक नशीब" हा विषय घेतल्यापासून प्रश्न थांबतच नाहीयेत आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली. मुद्दाम एकाच बाजूवर भर दिलाय, ती म्हणजे निकालाचं नशीब, म्हणजे कृती तीच असताना तिचा शेवट कसा होतो यातलं नशीब, कारण रोज रस्त्यावर, शेतात, दवाखान्यात आपण माणसांना जोखतो ते बहुतेक त्यावरूनच.

१. नैतिक नशीब म्हणजे नक्की काय भानगड आहे?

जे माणसाच्या हातात नव्हतं त्याचा दोष त्याला देऊ नये, हे आपल्याला सगळ्यांना पटतं. पण रोजच्या वागण्यात आपण माणसाला अशा गोष्टींवरून चांगला-वाईट ठरवतो ज्या पूर्णपणे त्याच्या हातात नव्हत्या. हातात नसलेल्या गोष्टींवरून असं जोखलं जाणं, यालाच नैतिक नशीब म्हणतात. हे दोन्ही एकत्र बसत नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये ठामपणे सांगितलं होतं की चांगल्या इच्छेची किंमत तिच्यातून काय निष्पन्न झालं यावर अजिबात ठरत नाही. मग १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी एकाच चर्चासत्रात निबंध वाचले आणि दाखवलं की आपण प्रत्यक्षात कांटसारखं वागतच नाही. नेगेलने चार प्रकार सांगितले: निकालाचं नशीब, परिस्थितीचं नशीब, स्वभावाचं नशीब आणि आधीच्या कारणांच्या साखळीचं नशीब. इथे पहिल्यावरच बोलू, दुसऱ्याबद्दल थोडंसं प्रश्न ८ मध्ये आहे.

२. डोक्यावरून गेलं. साधं उदाहरण देता का?

देतो, आणि पुढे हेच वापरणार आहे, म्हणून नीट वाचा.

समजा अंबड एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट सुटली. दोन जण आपापल्या गाडीने निघाले, त्यांना आपण थोरला आणि धाकटा म्हणू. दोघंही पाथर्डी फाट्याकडून घरी जातात, दोघांचा स्पीड ताशी ६०, दोघांच्याही फोनवर घरून मेसेज आला आणि दोघांनीही मान खाली घालून तीन सेकंद तो वाचला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर, म्हणजे तीन सेकंदात गाडी ५० मीटर गेली आणि तेवढं अंतर चालवणाऱ्याने रस्ता बघितलाच नाही. थोरल्याच्या त्या ५० मीटरमध्ये कोणी नव्हतं, तो घरी जाऊन जेवला आणि झोपला, मेसेज वाचल्याचं त्याला सकाळी आठवलंही नाही. धाकट्याच्या ५० मीटरमध्ये डिव्हायडर ओलांडून एक माणूस रस्त्यावर उतरला होता. तो जागीच गेला.

आता बघा, दोघांमध्ये फरक काय? स्पीड तोच, फोन तोच, बेफिकिरी तीच. फरक आहे तो त्या तिसऱ्या माणसाने रस्ता कधी ओलांडला एवढाच, आणि ते दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हतं. तरीही उद्यापासून धाकटा "माणूस मारलेला" म्हणून ओळखला जाणार, त्याच्यावर केस चालणार, लग्न ठरत असेल तर तेही मोडू शकतं, आणि थोरला मात्र त्याच धाकट्याबद्दल कॅन्टीनमध्ये म्हणणार की "कशी गाडी चालवतात रे हे लोक".

३. मग कायद्याचं काय? तो तरी दोघांना सारखं धरतो का?

नाही धरत, आणि कायदा हे लपवतही नाही, कलमातच पायऱ्या करून ठेवल्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम १२५ काढून बघा. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला पण कोणाला काही झालं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत किंवा ५,००० पर्यंत. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत किंवा १०,००० पर्यंत. आणि माणूस गेला की कलम १०६, तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच ३०४-अ होतं, तेव्हा कमाल शिक्षा दोन वर्षं होती.

म्हणजे मेसेज वाचणं तेच, आणि त्याच्या शिक्षेच्या चार पायऱ्या. कोणत्या पायरीवर तुम्ही जाणार हे बऱ्याचदा समोरचा माणूस दोन पावलं पुढे होता की मागे, त्याने हेल्मेट घातलं होतं की नाही, अॅम्ब्युलन्स द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ अडकली, यावर ठरतं. आणि थोरल्यासारखे लोक पहिल्या पायरीवरही सहसा येत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणी तक्रारच करत नाही.

कायदा असं का करतो याची कारणं पूर्ण टाकाऊ नाहीत. न घडलेल्या अपघाताचा पुरावा मिळत नाही. फोनकडे बघणाऱ्या प्रत्येकाला पाच वर्षं द्यायची ठरवली तर अर्धं नाशिक आत जाईल. आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला काहीतरी न्याय दिसायला हवा. ही कारणं मला मान्य आहेत, पण नीट बघा, ही सगळी व्यवस्था चालवायची कारणं आहेत. यातलं एकही कारण असं सांगत नाही की धाकटा थोरल्यापेक्षा वाईट माणूस आहे. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९८९ मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडलं: त्याच्या मते अशी शिक्षा ही खरंतर एक लॉटरी आहे, धोका पत्करणाऱ्या सगळ्यांना सारखंच तिकीट मिळतं, फक्त नंबर काहींचाच लागतो. लॉटरी म्हणून ती न्याय्य आहे का यावर त्याने बराच विचार केला, पण ती लॉटरी आहे हे एकदा दिसलं की मग नंबर लागलेल्याला राक्षस म्हणणं अवघड होतं.

४. म्हणजे निकाल बघायचाच नाही का? ज्यांचा मुलगा गेला त्यांना हे सांगून दाखवा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बऱ्याचदा रागाने येतो, आणि तो राग रास्त आहे.

निकाल बघायचा, पण योग्य खात्यात. "हा किती दोषी" असं आपण एका दमात म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. कृती किती चुकीची होती, हा पहिला. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं कोण किती देणं लागतं, हा दुसरा. आणि हा माणूस कसा आहे, हा तिसरा. माझं म्हणणं असं की निकाल दुसऱ्या प्रश्नात पूर्ण धरायचा आणि पहिल्या-तिसऱ्यात अजिबात धरायचा नाही. धाकटा त्या घराचं देणं लागतो, पैशाने, माफीने, आयुष्यभर. थोरला त्या घराचं काहीच देणं लागत नाही. पण मेसेज वाचण्याची चूक दोघांची एकाच मापाची आहे आणि माणूस म्हणून दोघं एकाच रांगेत उभे आहेत.

हे कागदावरचं तत्त्वज्ञान नाही, मोटार वाहन कायद्यात हे वेगळेपण प्रत्यक्ष आहे. कलम १६४ खाली अपघातात माणूस गेला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख भरपाई मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायची असते, आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे देणं वेगळं आणि दोष वेगळा, हे कायद्यालाही जमतं. त्याहून जास्त भरपाई मागायची असेल तर अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊन निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तिथे परत पहिला प्रश्न येतो.

आणि त्या आई-वडिलांना मी हे सांगणार नाही की धाकट्याचा दोष कमी माना. मी म्हणेन की थोरल्याचा दोष वाढवा. लोक हा मुद्दा नेहमी उलटा ऐकतात, त्यांना वाटतं की नशिबाचं नाव काढलं की आरोपीला सूट मिळणार. माझ्या मते सूट थोरल्याला मिळाली आहे आणि ती काढून घ्यायला हवी.

५. पण आपल्याला धाकटाच जास्त वाईट का वाटतो? हे मनातून जात का नाही?

कारण निकाल कळला की आपण भूतकाळसुद्धा बदलून बघतो. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. काही जणांना शेवट सांगितला, तोही वेगवेगळा, आणि मग विचारलं की आधीची माहिती बघून कुठला शेवट किती शक्य वाटतो. ज्यांना जो शेवट सांगितला त्यांना तोच आधीपासून जास्त शक्य वाटला. धाकट्याच्या बाबतीत आपण तेच करतो: "तिथे लोक रोड क्रॉस करतातच, त्याला कळायला नको का?" हो, करतात, पण थोरल्याच्या रस्त्यावरही करतात, त्याला आपण हे विचारत नाही.

दुसरा प्रयोग जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांचा, १९८८ चा. त्यात डॉक्टरने एका हृदयरुग्णाचं ऑपरेशन करायचं ठरवलं, धोका माहीत होता, शंभरातले आठ दगावतात. माहिती सगळ्यांना एकच, फक्त काहींना सांगितलं पेशंट वाचला आणि काहींना सांगितलं गेला. पेशंट गेल्याचं वाचलेल्यांनी डॉक्टरच्या निर्णयालाच कमी मार्क दिले, निर्णय अक्षरशः तोच असताना.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फायरी कुशमनने २००८ मध्ये दाखवलं की "हे कृत्य किती चूक होतं" असं विचारलं तर लोक मुख्यतः हेतू बघतात, पण "याला किती शिक्षा द्यावी" असं विचारलं की घडलेलं नुकसान मोठं वजन घेतं. म्हणजे आपल्या डोक्यातच दोन वेगळे तराजू आहेत. गल्लीत, फोनवर, बातमीखाली भांडणं होतात ती बऱ्याचदा यामुळे की एक जण एका तराजूवर बोलतोय आणि दुसरा दुसऱ्या.

६. गीतेत सांगितलंच आहे की, "कर्मण्येवाधिकारस्ते". मग एवढी चर्चा कशाला?

श्लोक लागू पडतो, पण अर्धाच. दुसऱ्या अध्यायातला तो ४७ वा श्लोक करणाऱ्याला सांगितलेला आहे, तुझा अधिकार कर्मावर, फळावर नाही. आपला प्रश्न बघणाऱ्यांचा आहे: दुसऱ्याच्या कर्माचं मोल आपण फळावरून ठरवावं का? त्याच न्यायाने बघणाऱ्यालाही फळ बाजूला ठेवता आलं पाहिजे असं मी मानतो, पण तो आपण काढलेला अर्थ झाला.

आणि "हे त्याच्या प्रारब्धात होतं" असं म्हणणारे लोक उलटच करतात, ते घडलेल्या निकालात मागच्या जन्माचा दोष टाकून नशीबच पुसून टाकतात. तसं म्हटलं तर रस्ता ओलांडणाऱ्या त्या माणसालाही दोषी धरावं लागेल. मला ते मान्य नाही.

७. आमची द्राक्षबाग आहे. अर्ली छाटणी केली, पावसात सगळं गेलं, आणि गाव म्हणतं हाव नडली. खरंच माझं चुकलं का?

हा प्रश्न बागलाण-सटाण्याकडून हमखास येतो, आणि त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात कोणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, पण तिकडे काही जण पावसाळ्यातच छाटतात, कारण माल डिसेंबर-जानेवारीत निघाला की बाजारात द्राक्ष कमी असतं आणि भाव चांगला मिळतो. बदल्यात धोका मोठा. फुलोऱ्यात पाऊस लागला की डावणीचा रोग येतो, घड कुजतात, आणि मणी पाणी धरल्यावर पाऊस झाला की मणी तडकतात, मग व्यापारी सौदा मोडतो. आणि नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाडकडे गारपीट झाली तसं काही आलं तर अर्ली काय आणि लेट काय, सगळीच बाग झोडपली जाते.

आता स्वतःला विचारायचं ते हे की छाटणीच्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं. मागच्या हंगामांत अर्लीने किती वेळा पैसे दिले आणि किती वेळा बुडवलं? सगळी बाग एकदम छाटली की दोन-तीन टप्प्यांत? प्लास्टिक कव्हर परवडत होतं का, फवारणीचं नियोजन होतं का, पीक गेलं तर कर्जाचा हप्ता कुठून भरणार याचा विचार केला होता का? याची उत्तरं बरी असतील तर निर्णय बरा होता आणि निकाल वाईट लागला, बस. आणि ही उत्तरं वाईट असतील तर निर्णय वाईट होता, बाग आली असती तरीही.

ओळखायची खूण सांगतो. शेजाऱ्याने त्याच आठवड्यात छाटणी केली होती, त्याच्या शिवारात पाऊस हुकला आणि त्याला चांगला भाव मिळाला, तर गाव त्याला काय म्हणतं? "धाडस आहे गड्यात." एकाच निर्णयाला एकीकडे धाडस आणि दुसरीकडे हाव म्हणत असतील तर समजा की लोक तुमच्या निर्णयाबद्दल बोलतच नाहीयेत, पावसाबद्दल बोलतायत. आम्ही सांगतो की छाटणीच्या दिवशीच वहीत चार ओळी लिहून ठेवा, काय माहिती होती, काय अंदाज होता, कशाची भीती होती. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेलं चालत नाही, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलं तसं तुमची स्वतःची आठवणसुद्धा निकाल बघून बदललेली असते.

८. असं बघितलं तर सगळंच नशीब. मग कोणीच दोषी नाही?

नाही, तिथपर्यंत जायची गरज नाही. कोणत्या शहरात जन्मलो, कोणत्या प्रसंगात सापडलो, हे परिस्थितीचं नशीब, आणि आपला रागीटपणा किंवा भित्रेपणा हाही बराचसा आपण निवडलेला नाही. हे सगळं वजा करत गेलं तर दोष द्यायला कोणी उरतच नाही, ही भीती नेगेललाही होती आणि त्याने ती सोडवल्याचा दावा केला नाही. पण निकालाचं नशीब वजा केल्यावर मागे चांगलं ठोस काहीतरी उरतं: फोन उचलला ते तीन सेकंद. ते थोरल्याच्याही हातात होते आणि धाकट्याच्याही. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

९. दारू पिऊन चालवणाऱ्यालाही "बिचारा, नशीब वाईट" म्हणायचं का?

अजिबात नाही. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर गाडी गेली, सात जण गेले. चालकाने दारू घेतलेली होती. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. युक्तिवाद काय होता, तर अशा अवस्थेत अशी गाडी चालवली की माणसं मरू शकतात याची त्याला जाणीव होती असंच धरावं लागतं. हे मला पटतं, कारण यात बघितलंय ते माणसाच्या डोक्यात काय होतं ते, नुसती प्रेतं मोजलेली नाहीत.

खटकतं ते वेगळं. ही जाणीव होती का हा प्रश्न माणसं मेल्यावरच विचारला जातो. त्याच रात्री तेवढीच पिऊन तसाच चालवत जो सुखरूप घरी पोचला त्यालाही तेवढीच जाणीव होती, आणि तो नाकाबंदीत सापडलाच तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, एवढ्यावर सुटतो. कॉलेज रोडवर पोलिसांनी अडवलं तर "नशीबच फुटकं" म्हणणारे मित्र असतात ना, त्यांना सांगा की नशीब चांगलं होतं, पुढच्या चौकात कोणी आलं नाही.

१०. माझ्या भावाच्या गाडीसमोर एक जण अचानक आला आणि गेला. भावाची चूक नव्हती हे पोलिसांनीही मान्य केलं. तरी तो सावरत नाहीये. त्याला कसं समजवायचं?

आधी कायद्याचं. निष्काळजीपणाच नसेल तर कलम १०६ लागत नाही. आणि निष्काळजीपणा असला तरी मृत्यू त्याचाच थेट परिणाम असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच, मुंबईतल्या एका कारखान्यातल्या आगीच्या प्रकरणात, स्पष्ट केलंय.

आता भावाचं. विल्यम्सने नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं, ट्रकखाली मूल येतं आणि ट्रकवाल्याची काहीच चूक नसते. तो म्हणतो, आपण सगळे त्या ट्रकवाल्याला सांगतो की तुझा दोष नाही, आणि ते सांगायलाच हवं. पण तो लगेच "हो, बरोबर" म्हणून उठून कामाला लागला तर आपल्यालाच विचित्र वाटेल. त्याला वाटतं ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं, कारण ते त्याच्या हातून घडलं. हा अपराधीपणा नाही, त्याला अपराधीपणा म्हणून धरून बसलं की माणूस खचतो. पण ते खोटंही नाही, म्हणून "विसरून जा" सांगून ते जाणार नाही.

त्यामुळे भावाला "तुझी चूक नाही" हे शंभर वेळा सांगत बसू नका, ते त्याला माहीत आहे. "तुझी चूक नाही, आणि तरी ते तुझ्या हातून झालं, दोन्ही खरं आहे" असं बोलून बघा. बरेच लोक यावर पहिल्यांदा रडतात. त्या घरी जावंसं वाटत असेल तर एकट्याने जाऊ देऊ नका, आधी वकिलाला विचारा आणि तिकडच्या कोणा वडीलधाऱ्याकडून निरोप पाठवा, ते नको म्हणाले तर तिथेच थांबा. भरपाईचे कागद (प्रश्न ४) लवकर पुढे सरकावेत म्हणून विमा कंपनीच्या मागे लागणं, हे तो आजपासून करू शकतो. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, त्यात उशीर करू नका.

११. मी थोरला आहे. परवा फोन बघताना एक बाई थोडक्यात वाचली. कोणाला कळलंही नाही. मी काय करायचं?

असे मेसेज कमी येतात, पण जे येतात ते रात्री उशिरा येतात.

अंबड-सातपूरच्या बऱ्याच कंपन्यांत "नियर मिस" रजिस्टर असतं, तुम्ही तिथे काम करत असाल तर बघितलं असेल. क्रेनचा हुक सुटला, खाली कोणी नव्हतं, कोणाला खरचटलंही नाही, तरी त्याची नोंद होते, कारण शोधलं जातं आणि हुकाची लॅच बदलली जाते. तिथे निकाल मुद्दाम बाजूला ठेवतात, कारण हुक सुटणं तेच असतं, खाली माणूस असो वा नसो.

तुमच्याबाबतीत तेच करा. तारीख, जागा, स्पीड आणि फोन का उचलला ते लिहा. मग लॅच बदला: गाडी सुरू करायच्या आधी फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत, नोटिफिकेशन बंद, आणि घरच्यांना सांगून ठेवा की शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास उत्तर येणार नाही, खूप अर्जंट असेल तर दोनदा कॉल करा, मी गाडी बाजूला घेऊन उचलेन. घरच्यांनी कारण विचारलं तर त्या बाईबद्दल सांगा.